ऐकताना एक माणूस, कागदावर तीन

माझ्या मैत्रिणीने कादंबरीचे पहिले प्रकरण वाचून संपवले तेव्हा आमच्या लेखन-गटात सर्वांत आधी मी बोलले.

"ताई, यातला एक शब्दही बदलू नकोस," मी म्हणाले.

पुढच्या दोन आठवड्यांत माझ्यावर जी वेळ आली, तिचे मूळ या वाक्यात आहे.

आमचा गट सात जणांचा. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही वाशीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. रीत ठरलेली आहे: ज्याचे लेखन असेल त्याने ते स्वतः मोठ्याने वाचायचे, मग इतरांनी बोलायचे, आणि त्या वेळी लेखकाने तोंड उघडायचे नाही. त्यानंतर लेखक छापील प्रती वाटतो आणि आठवड्याच्या आत प्रत्येकाने लेखी अभिप्राय द्यायचा. बँकेतून निवृत्त झालेले एक काका प्रत्येक लेखनाला 'हृदयस्पर्शी' म्हणतात. त्यांचा लेखी अभिप्राय त्याच शब्दावर थांबतो. माझा तसा नसतो. मी पावणे एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सापडलेला दोष नोंदवायचा, पुरावा जोडायचा आणि खाली सही करायची, हा माझा रोजचा व्यवसाय.

मैत्रीण माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. कोपरखैरण्यात एका चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासते. तिचे वडील साताऱ्याकडच्या एका गावातून आले आणि वाशीच्या दाणा बाजारात त्यांनी आयुष्यभर पोती वाहिली. कादंबरी त्याच जगाची आहे. पहिल्या प्रकरणात दहा वर्षांची मुलगी सांगते, की एके दिवशी वडील कामावरून परतले ते हूक न घेता. पोती ओढायचा तो लोखंडी आकडा रोज दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेला असे. त्या संध्याकाळी खिळा रिकामा राहिला.

एका प्रकाशन संस्थेच्या संपादकांनी तिचे पहिले प्रकरण वाचायची तयारी दाखवली होती. पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी ते पाठवायचे होते. प्रती वाटून झाल्यावर हॉलच्या दाराशी ती मला म्हणाली, "बाकीच्यांचं सोड. तू नीट बघून सांग. पाठवू का नको, एवढंच. आणि हे बघ, हे नाही जमलं तर मी पुन्हा नाही हं बसायची लिहायला. डोळे तपासते, तेवढं पुरे आहे मला."

ही पोकळ धमकी नव्हती, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. आदल्या वर्षी तिच्या एका कथेवर मी सत्तावीस मुद्द्यांचा अभिप्राय दिला होता, क्रमांक घालून. कथेतली विशेषणेसुद्धा मोजली होती. तिने तो वाचून "बरं, बघते" एवढेच म्हटले आणि पुढचे आठ महिने गटात काहीच आणले नाही. येत असे, ऐकत असे, चहा करत असे. माझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता. तरीही त्या अभिप्रायातून उरले काय, तर एक न लिहिणारी लेखिका. ज्या चाचणीत नमुनाच नष्ट होतो, ती करण्याआधी आम्ही प्रयोगशाळेत दहादा विचार करतो. त्या कथेच्या वेळी मी एकदाही केला नव्हता.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मी छापील प्रत उघडली. दुसऱ्या पानावर अडखळले. चौथ्यावर परत मागे गेले. रविवारी जे पाण्यासारखे स्वच्छ वाटले होते, ते कागदावर गढूळ होते आणि का ते मला कळेना. शब्द तेच होते. फरक एकच होता: तिचा आवाज नव्हता.

तिथून पुढचा तपास माझ्या सवयीचा होता. वाचताना ती मुकादमाची वाक्ये घशातून, खरखरीत काढत होती. वडिलांची हळू, शेवट गिळत. कोण बोलते आहे हे लिहायची गरजच तिला वाटली नव्हती, कारण लिहितानाही ते आवाज तिच्या कानात चालू असणार. पण अडखळण्याचे कारण केवळ तेवढे आहे, की मी एकदा ऐकून बिघडलेली वाचक आहे? त्यासाठी न ऐकलेला वाचक हवा होता. आणि दुसऱ्याचे हस्तलिखित विचारल्याशिवाय तिसऱ्याला दाखवायचे नसते. मी फोन केला.

"ताई, प्रकरण एकाला वाचायला देऊ का? आमच्या लॅबमधले मामा आहेत. गटाशी काही संबंध नाही."

"फार वाचतात का?"

"वर्तमानपत्र. शेवटच्या पानापासून."

"मग दे," ती हसली. "फार वाचणाऱ्यांची मला भीती वाटते. तुझ्यासारख्यांची."

मामा पनवेलजवळच्या नावडे गावचे. प्रयोगशाळेतली काचेची भांडी त्यांच्या हातून कधी फुटत नाहीत. मी त्यांना मत विचारले नाही, फक्त म्हटले, "काय घडतं ते वाचून मला सांगा." दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी प्रत परत केली.

"चांगला लिवलाय, मॅडम. त्यो तात्या लय चांगला मानूस हाय, पोरीला गूल देतो. मुकादम हरामी हाय. पन यो म्हातारा कोन, त्यो काय मना कलला नाय."

मी प्रत हातात घेऊन तशीच उभी राहिले. तात्या, मुकादम आणि म्हातारा हा एकच माणूस होता.

दाणा बाजारातली हमालांची टोळी बहुतेक एकाच गावची, एकमेकांच्या नात्यातली. टोळीच्या प्रमुखाला व्यापारी मुकादम म्हणत. मुलीचा तो चुलत आजोबा लागत असल्याने ती तात्या म्हणे. आणि वडील त्याच्या माघारी, रागाने, म्हातारा म्हणत. मैत्रिणीच्या घरात ही तिन्ही नावे एकाच चेहऱ्यावर बसलेली होती. त्यामुळे ते वाचकाला सांगावे लागेल, हे तिच्या मनात येणेच शक्य नव्हते. आणि ऐकणाऱ्या आम्हा सहा जणांनाही ती उणीव जाणवली नाही, कारण तिन्ही नावांच्या माणसाला तिने एकच खरखरीत आवाज दिला होता. कादंबरीतला सर्वांत गुंतागुंतीचा माणूस, मुलीला गूळ देणारा आणि तिच्या बापाला राबवणारा, छापील पानावर तीन सपाट माणसांत वाटला गेला होता.

निदान झाले. आता ते लिहायचे होते.

पहिला खर्डा चार पानांचा झाला, एकतीस मुद्द्यांचा. तो वाचताना मला आदल्या वर्षीचे "बरं, बघते" ऐकू आले. शिवाय सहाव्या मुद्द्यात मी तिचा एक परिच्छेद 'उदाहरणादाखल' स्वतः लिहून दाखवला होता. माझा परिच्छेद अधिक सुबक होता आणि पूर्णपणे निर्जीव. वडील त्यात 'परिश्रमाने थकलेले' होते. तिच्या मूळ वाक्यात पोत्याखाली दुमडला गेलेला बापाचा कान मुलीला दिसतो आणि ते पोते उतरेपर्यंत ती स्वतःचा कान धरून उभी राहते. विश्लेषकाने नमुन्यात स्वतःचे काही मिसळायचे नसते, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते.

मी तो खर्डा बाजूला ठेवला आणि स्वतःसाठी काही बंधने घालून घेतली. अभिप्राय एका पानाचा. मुद्दे तीनच, शुद्धलेखन आणि किरकोळ गोष्टी प्रतीच्या समासात पेन्सिलने, म्हणजे तिला पुसता येतील. प्रत्येक मुद्द्यात पान क्रमांक. 'कंटाळवाणे', 'अस्पष्ट' असे निकाल द्यायचे नाहीत. वाचताना मला काय झाले ते सांगायचे, कारण त्यावर तिला वाद घालता येणार नाही आणि घालावासाही वाटणार नाही. चांगले जे आहे तेही तितकेच नेमके सांगायचे. 'छान' या शब्दाने लेखकाला काय टिकवायचे ते कळत नाही. दुरुस्तीच्या भरात तो नेमके तेच खोडून बसतो.

शेवटी जे पान तयार झाले ते असे होते:

"ताई, आधी माझी चूक. रविवारी मी म्हणाले, एक शब्द बदलू नकोस. ते मी तुझ्या वाचनाला म्हणाले होते. कागदावरचे प्रकरण मी नंतर वाचले आणि ते वेगळे आहे. संपादकांकडे तुझा आवाज जाणार नाही, कागद जाणार आहे. म्हणून हे लिहिते.

पान अकरा, पोत्याखालचा कान. याला हात लावू नकोस. तू तिथे कष्ट हा शब्द वापरलेला नाहीस, मुलीला रडवलेले नाहीस, तिने फक्त स्वतःचा कान धरला आहे. मला त्या जागी वजन कळले. अशी आणखी दोन ठिकाणे समासात चांदणी काढून दाखवली आहेत.

आता तीन गोष्टी.

एक. तात्या, मुकादम आणि म्हातारा हे एकच आहेत हे मला ऐकून माहीत होते. मामांना माहीत नव्हते. त्यांना तीन माणसे दिसली, एक भला, एक वाईट, एक अनोळखी. मला हा माणूस प्रकरणातला सर्वांत जिवंत वाटतो आणि तो वाचकाच्या हातून निसटतो आहे. वाचकाला ते कधी कळावे, असे तुझ्या मनात आहे? उशिरा कळावे असे असेल तर तसे सांग, मी वेगळ्या नजरेने पुन्हा वाचेन. पान दोन, चार, नऊ आणि तेरा इथे कोण बोलते आहे ते ओळखायला मला मागे जावे लागले.

दोन. माझे कुतूहल आठव्या पानावर, रिकाम्या खिळ्यापाशी जागे झाले. त्याआधीच्या सात पानांत गाव, जत्रा, लग्न आणि बरीच नाती आहेत. माझे लक्ष तिथे तीनदा भरकटले. कादंबरी आठव्या पानावर सुरू होते. पहिली सात पाने काढून टाक.

तीन. प्रकरणाच्या शेवटच्या दोन वाक्यांत मुलगी सांगते, की त्या दिवशी तिला बापाचे दुःख समजले. त्याच्या आधीच्या वाक्यात ती खिळ्यावर स्वतःचे दप्तर टांगते. मला तिथेच समजले होते.

पाठवू का, असे तू विचारलेस. माझे मत: ठरलेल्या सोमवारी नको. संपादकांना एक ओळ लिहून तीन आठवडे मागून घे. प्रकरण जवळ आले आहे. ते तुझ्या आवाजाशिवाय उभे राहिले, की पाठव."

शनिवारी सकाळी मी पान आणि प्रत दुकानात तिच्या हाती दिली. गिऱ्हाईक बसले होते; तिने ती खणात ठेवली. रविवार गेला. सोमवार, मंगळवार, बुधवार. फोन नाही. पाठवायच्या सोमवाराला चार दिवस उरले. कारखान्यात मी एकाच द्रावणाचे माप दोनदा चुकीचे वाचले, हे मामांनी पाहिले आणि दाखवून दिले नाही, म्हणजे माझे लक्ष कशात अडकले आहे ते त्यांनाही कळले होते.

गुरुवारी तिचा संदेश आला: चष्म्याचा नंबर तपासून बरेच दिवस झाले तुझ्या. संध्याकाळी ये.

दुकानाच्या मागच्या लहान खोलीत तिने मला खुर्चीवर बसवले, चाचणीची जड, गोल फ्रेम नाकावर चढवली आणि दिवा मंद केला. भिंतीवरची अक्षरे उजळली.

"वाच खालची ओळ."

मी वाचली.

"आता? हे बरं की मघाचं?"

"मघाचं."

"आता?"

"हे. ताई, तू रागावली आहेस का?"

"डोळा मिटू नकोस. दूरचं तुला ठीक दिसतं." तिने दिवा लावला आणि जवळचे वाचायला देतात तो तक्ता काढण्याऐवजी माझ्या हातात एक कागद दिला. "आता जवळचं. मोठ्याने."

ते प्रकरणाचे पाचवे पान होते. जत्रेतल्या पाळण्यांविषयी एक परिच्छेद, मामेबहिणीच्या लग्नाची तयारी, आणि त्यांच्या मधोमध अर्धे वाक्य: वडील मुंबईला निघाले तेव्हा आईने आपली जोडवी मोडून गावच्या लोहाराकडून करून घेतलेला हूक त्यांच्या पिशवीत घातला. वाक्याचा उरलेला अर्धा भाग एसटीच्या वेळेविषयी होता.

मी ते पुन्हा वाचले, मनात.

"सात पानं काढून टाक म्हणे," ती म्हणाली. "काय गं शास्त्रज्ञबाई, बाटलीवरचं लेबल दोनदा वाचतेस ना तू? हूक आईचा आहे. बाप हूक हरवून आला म्हणून आई जेवली नाही त्या दिवशी. माझी कादंबरी बापाची आहे असं कोणी सांगितलं तुला?"

"मला वाटलं—"

"वाटलं. अहवालात चालतं का हो तुमच्या, 'वाटलं'?"

चालत नाही. नाकावर ती फ्रेम असल्यामुळे मला मान खाली घालणेही नीट जमेना. तिच्या प्रकरणात काय बिघडले आहे ते मी पुराव्यासह सांगितले होते. पण दुसऱ्या मुद्द्याच्या शेवटच्या वाक्यात मी माझी मर्यादा ओलांडली होती. माझे लक्ष भरकटले, इथपर्यंत मी साक्षीदार होते. 'काढून टाक' म्हणताना मी लेखिका झाले, तेही कादंबरी कोणाची आहे ते माहीत नसताना. पहिल्या मुद्द्यात मी प्रश्न विचारला होता. इथेही विचारायला हवा होता: या सात पानांतले पुढे काय लागणार आहे?

"ते वाक्य चुकलं," मी म्हणाले. "पण ताई, मी ते अर्धं वाक्य दोनदा वाचून चुकवलं. एकदा ऐकून, म्हणजे तीनदा. संपादक एकदाच वाचतील."

माझ्या नाकावरची फ्रेम काढून तिने भिंगे एकेक करून पेटीत ठेवली.

"तेच तर," ती अखेर म्हणाली. "चार दिवस मी तुला शिव्या घातल्या. मनात, घाबरू नकोस. म्हटलं, एवढी शिकलेली पोरगी, आणि हिला आईचा हूक दिसला नाही! मग काल इथे एक आजोबा आले. घरी सगळ्यांवर चिडायचे, म्हणे छपाईच बारीक झाली हल्ली. मी भिंग लावलं तर गप्प. तेव्हा कळलं, तुला दिसला नाही म्हणजे मी तो जत्रेत हरवला. नंबर तू बरोबर काढलास. फ्रेम तेवढी निवडायला गेलीस, ती माझ्या नाकाला बसेना."

"आणि तात्या?"

"तात्याचं वाचून मी हसले. मामांना सांग, हरामी होताच तो. आणि गूळही द्यायचा." तिने खणातून माझे पान काढले. पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण होती. दुसऱ्यापुढे, माझ्या शेवटच्या वाक्यावर, तिने सरळ रेघ ओढली होती. तिच्या अक्षरात खाली लिहिले होते: हूक — आई — खिळा — आधी.

"सोमवारचं काय?" मी विचारले.

"वेळ मागितला तर म्हणतील, बाई कच्ची आहे."

"कच्चं पाठवलं तर तेच म्हणतील, आणि ते खरं असेल."

"गोड बोलायला शीक गं जरा," ती म्हणाली, पण फोन माझ्या हातात दिला. "लिही. एकच ओळ. 'कृपया' एकदाच घाल."

मी फोन परत दिला. "तू लिही. तुझ्या नावाने जाणार आहे."

तिने लिहिले, तीनदा खोडले, पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी संपादकांचे उत्तर आले: तीन आठवडे चालतील, घाई नको.

नवे प्रकरण रिकाम्या खिळ्यापासून सुरू झाले. दुसऱ्या पानावर आई त्या खिळ्याकडे पाहते आणि जोडव्यांची गोष्ट तिथे येते, तिच्या पायाच्या मोकळ्या बोटांसकट. जत्रा आणि लग्न पुढच्या प्रकरणांकडे गेले. मुकादम पहिल्यांदा येतो त्याच वाक्यात मुलगी त्याला 'बापाचा मुकादम आणि माझा तात्या' म्हणते. बाप त्याला म्हातारा म्हणतो तेव्हा ती इकडेतिकडे बघते, कोणी ऐकले नाही ना. एवढ्या एका हालचालीने तीन नावे एका माणसावर बसली. ही युक्ती मला कधीच सुचली नसती, आणि सुचवायला गेले असते तर तिला तिची सुचली नसती. मामांनी नवी प्रत वाचून एवढेच विचारले, "मंग त्या बाईच्या जोडव्या परत भेटल्या का नाय?" तो प्रश्न मी तिला तसाच कळवला.

संपादकांनी पुढची दोन प्रकरणे मागितली आहेत. पुढे काय होईल ते त्यांचे काम. माझी चिंता आठ महिन्यांच्या चहाची होती, आणि ती त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी संपली. त्या दिवशी ती हॉलमध्ये आली ती सात प्रती घेऊन. काकांनी सवयीने खुर्ची मागे टेकवली आणि ऐकण्यासाठी डोळे मिटले.

"डोळे उघडा, काका," ती म्हणाली. "दुसरं प्रकरण आहे. आधी तुम्ही वाचा, गप्प बसून. मी नंतर वाचेन." मग सर्वांत वरची प्रत माझ्यापुढे ठेवत तिने पाचव्या पानावर बोट टेकवले. "आणि तू हे दोनदा."